हातातला प्रीप्रिंट: तसाच पाठवायचा की रजिस्टर्ड रिपोर्ट करायचा?

समजा, सांगलीतल्या एका बी.एड. कॉलेजच्या प्राध्यापिकेने प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीचा लेख, ऑनलाइन टाकला आहे. सहावीच्या ३० मुलांनी शाब्दिक गणितं मोठ्याने वाचून सोडवली, ३० जणांनी मनात वाचून. मोठ्याने वाचणारे ०.५५ प्रमाण विचलनाने पुढे, पी ०.०४. आता पुढे काय? तो नेहमीच्या नियतकालिकाकडे पाठवायचा, की रजिस्टर्ड रिपोर्ट करायचा, म्हणजे डेटा गोळा करण्याआधीच प्रयोगाचा प्रोटोकॉल समीक्षेला द्यायचा?

आधी एक गैरसमज काढू. याच ६० मुलांच्या डेटावर मागाहून 'स्टेज वन', म्हणजे तो आधी द्यायचा प्रोटोकॉल, लिहिता येत नाही. प्रोटोकॉल तपासला जातो तो निकाल माहीत नसताना, आणि इथे तर उत्तर आधीच बाहेर आहे. अशा प्रोटोकॉलची समीक्षा करणारा पीअर कम्युनिटी इन रजिस्टर्ड रिपोर्ट्स हा मंच डेटाशी असलेल्या ओळखीला ६ ते ० पायऱ्या देतो. ज्या डेटाने प्रश्नाचं उत्तर देऊन झालंय तो शून्यावर, म्हणजे अपात्र. म्हणून रचना बदलायची म्हणजे जुना प्रयोग प्राथमिक चाचणी म्हणून मांडायचा आणि नव्या मुलांवर नवा प्रयोग आखायचा.

पहिला रस्ता, म्हणजे नेहमीच्या नियतकालिकाकडे पाठवणं, सोपा आहे. वर्षाअखेर प्रबंध द्यायचा असेल तर तोच धरा. फक्त निष्कर्षाला 'शोधात्मक' म्हणा.

दुसऱ्या रस्त्यावर खरी मेहनत आकड्यात आहे. ०.५५ हाच फरक गृहीत धरला तर ९० टक्के पॉवरसाठी, म्हणजे तो फरक खरा असल्यास पकडण्याची शक्यता ९० टक्के हवी तर, गटात सत्तरेक मुलं पुरतात. पण छोट्या अभ्यासात कसाबसा लक्षणीय ठरलेला फरक बहुधा फुगलेला असतो. त्यापेक्षा स्वतःला विचारा, किती कमी फरक असला तरी शिक्षक पद्धत बदलतील? उत्तर ०.३ असेल, तर आर या सांख्यिकी भाषेत

```
power.t.test(delta=0.3, sd=1, power=0.9)
```

गटात २३५, म्हणजे ४७० मुलं. पाच-सहा शाळांच्या परवानग्या आल्या. शिवाय प्रत्येक वर्गातच मुलं चिठ्ठीने दोन्ही गटांत वाटा. अख्खा वर्ग एका गटात टाकलात तर वरचं गणित मोडतं.

नियोजित विश्लेषणात कसोटी, गैरहजर मुलांचं काय करायचं आणि फरक न दिसल्यास काय म्हणायचं, हे सगळं आधी लिहायचं. लोक हमखास विसरतात ती एक अट: पेपर इतका सोपा नको की निम्म्या मुलांना पैकीच्या पैकी पडतील. तसं झालं तर 'फरक नाही' हे पद्धतीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून मनात वाचणाऱ्यांच्या सरासरीची कमाल मर्यादा प्रोटोकॉलमध्येच ठरवा.

बदल्यात काय मिळतं? तत्त्वतः स्वीकृती. ठरल्याप्रमाणे काम झालं, तर निकाल उलटा आला म्हणून लेख नाकारला जात नाही. पण स्वीकृतीआधी एकही पेपर वाटायचा नाही. समीक्षेच्या फेऱ्यांना महिने लागतात, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रोटोकॉल पाठवून शाळांना दिवाळीनंतरची तारीख देणं मला शहाणपणाचं वाटतं.

जुना प्रीप्रिंट मात्र जागेवरच राहू द्या. स्टेज वनच्या प्रस्तावनेत त्याचा दुवा आणि तो ०.०४ दोन्ही लिहा.