फ्रीझरचा बर्फात गोठलेला खण सोडवताना: गरम पाण्याचे पातेले की हेअर ड्रायर?

पद्धत निवडण्याआधी बर्फ कुठे आणि कोणता आहे हे पाहावे. पांढरा, भुसभुशीत बर्फ हवेतल्या दमटपणातून साचतो आणि बहुधा खणाच्या वरच्या कडेला असतो. पारदर्शक, टणक बर्फ म्हणजे वितळून खाली ओघळलेले आणि पुन्हा गोठलेले पाणी. खणाची पुढची कड दोन्ही हातांनी हलकेच उचलून पाहावी. ती थोडी उचलली गेली, पण खण पुढे येत नसेल, तर पकड बहुधा मागे आहे; ती जराही हलली नाही, तर तळ चिकटला आहे असे समजावे.

सांगलीतील एका घरचा तीन खणांचा उभा फ्रीझर घेऊ. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली, वरचा बर्फ थोडा वितळला आणि वीज आल्यावर मटारांनी भरलेला मधला खण तळाशी चिकटून बसला. इथे हेअर ड्रायर कमी उपयोगी पडतो. त्याची हवा समोरची कड तापवते, पण तळापर्यंत पोहोचत नाही; शिवाय एकाच जागी धरल्यास प्लास्टिक वाकते आणि ओघळत्या पाण्याजवळ विजेचे उपकरण वापरण्याचा धोका राहतो. केवळ वरची कड चिकटली असेल, तर मात्र मंद आचेवर, वीतभर अंतरावरून आणि सतत हलवत तो वापरल्यास काम लवकर होते.

तळासाठी मी पातेलेच निवडेन. फ्रीझरचा प्लग काढावा, खालचा खण बाहेर घ्यावा, त्या जागी घडी घातलेल्या टॉवेलवर गरम पाण्याचे पातेले ठेवून दार लावावे. उबदार, दमट हवा वर चढून नेमकी चिकटलेल्या तळाला लागते. पाणी कोमट झाले की बदलावे आणि दर वेळी खण हलवून पाहावा. उकळते पाणी खणावर मात्र कधीही ओतू नये, कारण थंडीने कडक झालेले प्लास्टिक अचानक तापल्यास तडकते.

नुसते दार उघडे ठेवून वाट पाहणे प्लास्टिकसाठी सर्वांत सुरक्षित आहे, पण त्यात कित्येक तास जातात आणि मटार सैल पडू लागतात. मटार दुसरीकडे ठेवण्याची सोय असेल, तरच हा मार्ग बरा.

सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर या तुलनेत बसतच नाही. अनेक उभ्या फ्रीझरमध्ये खणांमधल्या जाळीतूनच गॅसच्या नळ्या जातात. त्यांना भोक पडले, तर गॅस निघून जातो आणि नव्या फ्रीझरमध्ये तो बहुधा ज्वलनशील आयसोब्युटेन असतो.

खण सुटू लागला की मधला दांडा न ओढता दोन्ही बाजू धरून आळीपाळीने थोडे थोडे हलवावे. तो बाहेर आल्यावर रुळ आणि तळ कोरड्या फडक्याने पुसूनच प्लग लावावा, नाहीतर उरलेले थेंब त्याच जागी पुन्हा गोठतात.