पोराचा शाळाखर्च: निम्मा-निम्मा की कमाईप्रमाणे?

आई नर्स, पगार महिन्याला 24,000. वडिलांची कापसाची शेती. बियाणं, खत, वेचाईची मजुरी वजा जाता महिन्याला सरासरी 12,000. पोराचा शाळाखर्च वर्षाला 36,000.

निम्मा-निम्मा केला तर प्रत्येकी 18,000. हिशेब सोपा, पण त्यात वडिलांची दीड महिन्याची कमाई जाते, आईची पाऊण महिन्याची. कमाईप्रमाणे आई 24,000, वडील 12,000. दोघांचाही एकेक महिना. मला हेच पटतं, पण यात भांडणाला जागा जास्त. कापूस विकल्याची पावती म्हणजे कमाई नव्हे, खर्च वजा करूनच आकडा धरायचा. तोही दरवर्षी नव्याने, कारण बोंडअळी आली की प्रमाणच बदलतं. शिवाय शाळा उघडते ऐन पेरणीत, तेव्हा शेतकऱ्याचा हात रिकामा. म्हणून जूनमध्ये आईने भरावं, दिवाळीनंतर कापूस विकला की वडिलांनी आपला वाटा द्यावा, असं लिहूनच घ्यावं.