एका बैठकीत पांढरे दात: ताईला बसलेला फटका

इंदूरला विजयनगरच्या बाजूला दात चमकवून देणारे दवाखाने पावलोपावली दिसतात. त्यातल्याच एकात माझ्या थोरल्या बहिणीला अठरा हजारांना गंडवलं. आणखी कुणी फसू नये म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

ताईच्या समोरच्या दातांवर लहानपणापासून करडा-तपकिरी आडवा पट्टा आहे. मुलीचं लग्न ठरल्यावर तिनं चौकशी केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, लेजर से एक सिटिंग में आठ शेड!" दात डागाळले कशामुळे, हे मात्र कुणीच विचारलं नाही. ओठ ताणून धरणारी प्लास्टिकची चौकट बसवली, जेल लावलं, तासभर निळा दिवा धरला आणि लगेच फोटो काढला. फोटोत दात खरंच पांढरे दिसत होते. चार दिवसांत पट्टा जागच्या जागी, वर थंड पाण्यानं कळा.

त्या फोटोतच खरी चलाखी होती. दात तासभर उघडे राहिले की त्यातलं पाणी उडतं, आणि सुकलेला दात कोणताही असो, खडूसारखा पांढरा दिसतो. लाळ लागून तो पुन्हा मूळ रंगावर येतो. म्हणून शेड गाईडशी, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुन्यांशी, जुळवणी सुरुवातीला दात ओले असताना करायची आणि नंतरची काही दिवस जाऊ देऊन करायची. खुर्चीवरून उठल्याउठल्या काढलेला फोटो कुणी पुरावा म्हणून दाखवत असेल, तर त्याला अर्थ नाही. निळ्या दिव्यानंही फारसं साधत नाही. जे काही होतं ते जेलमधल्या पेरॉक्साइडनं.

तक्रार घेऊन गेलो तर पैसे परत नाहीत, उलट आठ दात तासून कॅप बसवायचा सल्ला. तिथून ताईला उठवलं आणि आमच्या ओळखीतल्या, शिकवण्याचं काम केलेल्या दंतवैद्य बाईंकडे नेलं. त्यांनी आधी आईला फोन लावायला सांगितला. आईला आठवलं, ताई वर्षाची झाल्यापासून दोन वर्षांची होईपर्यंत तिची छाती सारखी भरायची आणि डॉक्टर टेट्रासायक्लिनचं पातळ औषध देत. मुलांना तेव्हा ते सर्रास दिलं जाई. पुढे आपल्याकडे ही पातळ औषधं बंद झाली.

हे औषध कॅल्शियमला चिकटतं. जबड्यात दात घडत असताना ते घेतलं, तर दाताच्या आतल्या थरात, डेंटिनमध्ये, अडकून राहतं. दात उगवतो तेव्हा रंग पिवळा असतो. पुढे उजेडानं तो करडा-तपकिरी होतो, म्हणून समोरचे दात जास्त काळवंडतात. बाईंनी आरसा धरून दाखवलं: पुढचे दात, सुळे आणि पहिल्या दाढांवर पट्टा, पण दुसऱ्या दाढा स्वच्छ. कारण त्या घडायला लागतात अडीच-तीन वर्षांनंतर, औषध बंद झाल्यावर. आईची आठवण आणि दातांची साक्ष जुळली!

असा डाग आतला असल्यामुळे घासून, स्केलिंग करून किंवा कोळशाच्या पावडरीनं जात नाही. पावडरीनं वरचं एनॅमल मात्र झिजतं. उपयोग होतो तो मापाच्या ट्रेमध्ये दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री लावण्याचा, आणि तोही तीन ते सहा महिने. साध्या पिवळेपणाला काही आठवडे पुरतात, टेट्रासायक्लिनला नाही. दात शिवशिवले तर मध्ये दिवस सोडायचे. पिवळं लवकर उजळतं, करडं-निळं चिवट असतं, आणि हिरडीजवळचा भाग सगळ्यात कमी उजळतो. बाईंनी हे आधीच बजावलं होतं. ताईचा पिवळेपणा गेला, पट्टा फिका होऊन उरला. लग्नाच्या फोटोत तो शोधावा लागतो. पूर्ण झाकायचा असता तर व्हिनिअर, म्हणजे दातावर समोरून चिकटवायचं पातळ कवच, हा पर्याय होता. पण पातळ व्हिनिअरमधून गडद डाग डोकावतो, म्हणून दात जास्त तासावा लागतो, आणि तासलेला दात परत भरून येत नाही.

त्याच दवाखान्यानं आमच्या नात्यातल्या, झाबुआकडे वाढलेल्या नऊ वर्षांच्या मुलालाही हेच पॅकेज सांगितलं होतं. त्याच्या दातांवर पांढरे ढग आणि तपकिरी ठिपके आहेत, म्हणजे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा डाग. तो एनॅमलमधला, ब्लीचनं कधी कधी पांढरे भाग आणखीच उठून दिसतात. डाग वरवरचा असेल तर दंतवैद्य अगदी पातळ थर घासून काढतात किंवा पातळ रेझिन मुरवतात. आणि एकच दात करडा पडला असेल तर पडल्या-झडल्याचं विचारा, एक्स-रे काढा. आतली नस मेलेली असू शकते. मोठ्यांच्या अशा दाताला आधी रूट कॅनाल आणि मग दाताच्या आतून ब्लीच करतात, बाहेरून दिवे धरून काही होत नाही.

त्या दवाखान्यानं ताईला दिलेल्या पावतीवर फक्त 'लेजर व्हाइटनिंग' लिहिलं आहे. जेल कोणतं, किती टक्क्यांचं, काही नाही. पैसे देण्याआधी हे लिहून मागा. आम्ही ती पावती आणि चार दिवसांनंतरचा फोटो जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.