लढायचं की खुर्ची सोडायची? स्मिथ आणि वेलहाउझेन

स्कॉटलंडचे रॉबर्टसन स्मिथ आणि जर्मनीचे वेलहाउझेन हे दोघे बायबलचे अभ्यासक, आणि दोघांचं म्हणणं जवळपास एकच होतं. बायबलमधली 'निर्गम' आणि 'अनुवाद' ही पुस्तकं परंपरेनं मोशेची मानली जातात. 'निर्गम'च्या विसाव्या अध्यायात ठिकठिकाणी वेदी बांधायला मुभा आहे, 'अनुवाद'च्या बाराव्यात मात्र बळी एकाच जागी द्यायचा. मोशेच्या कितीतरी नंतरचा संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर वेदी उभारतो, तेव्हा त्याला कोणी अडवत नाही. म्हणजे 'अनुवाद'चा नियम मोशेचा नव्हे, खूप नंतरचा.

रॉबर्टसन स्मिथ यांनी हे 1875 मध्ये ब्रिटानिका विश्वकोशात लिहिलं आणि ते जिथे पाळक व प्राध्यापक होते त्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चमध्ये वादळ उठलं, त्यांच्यावर खटला चालला. ते मागे हटले नाहीत. शास्त्रवचन ईश्वरप्रेरितच आहे, फक्त ते कोणी व कधी लिहिलं एवढंच मी तपासतो, हा त्यांचा बचाव. 1880 मध्ये चर्चनं त्यांना ताकीद देऊन सोडलं, पण लगेच त्यांचा आणखी एक लेख छापून आला. 1881 मध्ये ॲबर्डीनचं अध्यापनपद गेलं. गंमत म्हणजे पाखंडाचा आरोप शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही, पाळकपदही शाबूत राहिलं.

जर्मनीत वेलहाउझेन यांच्यावर असा खटला चाललाच नाही. 1882 मध्ये त्यांनी ग्राइफ्सवाल्डचं धर्मशास्त्राचं पद आपणहून सोडलं. माझे विद्यार्थी पाळक व्हायचे आहेत आणि माझ्या शिकवण्यानं ते त्या कामाला नालायक होतात, असं त्यांनी मंत्रालयाला कळवलं. मग हालेला खालच्या पदावर भाषा शिकवायला गेले.

मला वेलहाउझेन जास्त प्रामाणिक वाटतात. पण सामान्य श्रद्धावंतांपर्यंत हा प्रश्न पोचला तो स्मिथ यांच्या हट्टामुळे. वेलहाउझेन यांच्या मुख्य ग्रंथाच्या 1885 च्या इंग्रजी भाषांतराला प्रस्तावनाही स्मिथ यांचीच.