बाथरूमचं कोटेशन: एकरकमी मागवावं की बाबवार?

"बाथरूम नवं करायचंय, विथ मटेरियल किती होतील?" एवढाच ईमेल पाठवला, तर उत्तरही एका आकड्यातच येतं. समजा, एकाने 1,85,000 सांगितले आणि दुसऱ्याने 1,60,000. अशा वेळी बहुतेक जण स्वस्त वाटतं तिकडे झुकतात. त्याऐवजी दोघांनाही असा ईमेल पाठवून पाहा:

"नमस्कार. आमचं 5 बाय 8 फुटांचं बाथरूम तोडून नवं करायचं आहे. कृपया कोटेशनमध्ये पुढील खर्च वेगवेगळे दाखवावेत.
फिटिंग्ज: प्रत्येक वस्तूचा ब्रँड, मॉडेल नंबर, नग आणि दर.
मजुरी: तोडकाम, प्लंबिंग आणि टाइल्स बसवणं यांची वेगळी. राबिट उचलण्याचा खर्च धरला आहे का, तेही लिहावं.
वॉटरप्रूफिंग: जुना कोबा काढणार का, कोणतं मटेरियल, किती कोट, भिंतीवर किती उंचीपर्यंत, एकूण किती चौरस फूट आणि पाणी किती तास साठवून तपासणार.
जीएसटी धरून की वेगळा, हेही कळवावं."

आता तेच दोन आकडे उलगडतात. पहिल्याचे फिटिंग्ज 70,000, टाइल्ससह मजुरी 80,000, वॉटरप्रूफिंग 25,000 आणि राबिट 10,000. दुसऱ्याचे फिटिंग्ज आणि मजुरी प्रत्येकी 75,000, वॉटरप्रूफिंग 10,000. राबिटचा उल्लेखच नाही. म्हणजे फिटिंग्ज आणि मजुरी मिळून दोघांचे दीड लाखच होतात. 25,000 चा सगळा फरक वॉटरप्रूफिंग आणि राबिटमध्ये आहे, आणि राबिट उचलायचे पैसे तर पुढे तुम्हालाच द्यावे लागणार.

वॉटरप्रूफिंगचे चौरस फूट मी सगळ्यात आधी बघते. या मापाच्या बाथरूममध्ये जमीन 40 आणि चारही भिंतींवर एक फूट, दार वगळून, असे साधारण 64 चौरस फूट होतात. शॉवरच्या कोपऱ्यातल्या 5 आणि 3 फुटी भिंती सात फुटांपर्यंत घेतल्या, तर आणखी 48 वाढतात. त्यामुळे 64 लिहिणाऱ्याने शॉवरची भिंत सोडली आहे, हे कागदावरच कळतं. जुना ओला कोबा तसाच ठेवून वरून कोट मारणार असेल, तर तो दर कितीही कमी असो, मी घेणार नाही. कोब्यात मुरलेलं पाणी नंतरही खालच्या घराच्या छताला ओल आणत राहतं, आणि ती दुरुस्त करायची तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

फक्त नळ, कमोड, बेसिन बदलायचं असेल आणि जमिनीला हात लावायचा नसेल, तर एकरकमी कोटेशन चालतं. तोडकाम असेल तर बाबवारच मागवा. छोटे कंत्राटदार कधी कधी असं लिहून द्यायला कंटाळतात. त्यांना रिकामा तक्ता पाठवून फक्त आकडे भरायला सांगा. ईमेलच्या शेवटी एक अटही घाला: वॉटरप्रूफिंगचा हप्ता 48 तास पाणी साठवून, खालच्या घराचं छत कोरडं राहिलेलं पाहिल्यावर आणि टाइल्स बसवण्याआधी दिला जाईल.