उतार की पायरी? स्लायडर बेअरिंगच्या पॅडसाठी काय निवडावं

सपाट पृष्ठभागावर सरकणाऱ्या पॅडखाली तेलाचा दाब तयार व्हायचा तर थर पुढून जाड आणि मागून पातळ हवा. ही जाडी दोन प्रकारे बदलता येते: पॅडला सरळ उतार द्यायचा, किंवा लॉर्ड रॅलीने १९१८ साली दाखवलं तशी मध्येच एक पायरी काढायची. कागदावर पायरी जिंकते. प्रत्यक्षात कोणती घ्यावी, हे थर किती पातळ होऊ शकतो यावर ठरतं.

एक पॅड घेऊ: लांबी १०० मिमी, वेग १० मी/से, तेलाची व्हिस्कॉसिटी ०.०३ पास्कल-सेकंद (व्हीजी ६८ तेल साधारण ५५ अंशांना), मागच्या टोकाशी थर ५० मायक्रॉन. थराची जाडी h ही लांबी L च्या दोन हजाराव्या भागाएवढी आहे, आणि जडत्वाचा वाटा मोजणारा Re(h/L)², ज्यात Re म्हणजे रेनॉल्ड्स संख्या, ०.०१ च्याही खाली येतो. त्यामुळे जडत्व सोडून देता येतं, दाब थराच्या जाडीत एकसारखा धरता येतो आणि रेनॉल्ड्सचं १८८६ चं समीकरण उरतं:

```
d/dx( h³ dp/dx ) = 6 μ U dh/dx
```

यात p म्हणजे दाब, μ व्हिस्कॉसिटी, U वेग आणि x पॅडच्या लांबीवरचं अंतर. समीकरणाचा अर्थ साधा आहे. पृष्ठभाग ओढून नेतो ते तेल आणि दाबामुळे ढकललं जाणारं तेल, यांची बेरीज प्रत्येक छेदात सारखीच हवी. अरुंद जागेत ओढलेलं तेल कमी पडतं, ती तूट दाब भरून काढतो. दोन्ही टोकांना दाब शून्य धरला की उत्तर मिळतं. मागची जाडी h2 आणि पुढची व मागची जाडी यांचं गुणोत्तर K मानलं, तर उतार पेलतो तो भार W असा येतो:

```
W = (6μUL²/h2²) · [ ln K − 2(K−1)/(K+1) ] / (K−1)²
```

हा सर्वाधिक होतो K = २.१९ ला. आपल्या पॅडला मीटर रुंदीमागे सुमारे १९२ किलोन्यूटन मिळतात; दाबाचं टोक ३.१ मेगापास्कल.

पायरीचं गणित आणखी सोपं. दोन्ही भागांत थर सपाट, म्हणून दाब सरळ रेषेत चढतो आणि सरळ रेषेत उतरतो, आलेख त्रिकोणी. उत्तम पायरी पुढून ७१.८ टक्के लांबीवर, K = १.८७, म्हणजे आपल्याकडे ४३ मायक्रॉन खोल. भार २४७ किलोन्यूटन, उतारापेक्षा २९ टक्के जास्त. पायरीच्या कोपऱ्याशी जाडीत दाब एकसारखा असल्याचं गृहीतक मोडतं खरं, पण थराच्या जाडीएवढ्याच अंतरात. १०० मिमीच्या पॅडमध्ये ते नगण्य.

आता भार वाढला आणि थर पातळ झाला तर? कोरलेली खोली तीच राहते, K मात्र वाढत जातो. थर २५ मायक्रॉनला आला की पायरी ७८१, उतार ६६७. पायरीची आघाडी १७ टक्क्यांवर आली. पंधराच्या आसपास दोघं बरोबरीत येतात. १० मायक्रॉनला उतार २,२५० किलोन्यूटन देतो, पायरी १,८२० च. कारण समीकरणातच आहे: मागचा थर शून्याकडे गेला तरी पायरीचा दाब ठरावीक मर्यादेपुढे जात नाही, पुढच्या खोल भागातून तेल उलटं वाहून जातं. उताराला अशी मर्यादा नाही, भार हळूहळू का होईना वाढतच जातो. इतक्या भाराला पॅडवरचं व्हाइट मेटलचं मऊ अस्तर आधीच दगा देईल, हे खरं. पण छोट्या पॅडवर, हळू वेगात किंवा गरम, पातळ तेलात हीच अडचण अगदी साध्या भारालाही येते.

दुसरी बाब बाजूंनी होणाऱ्या गळतीची. वरचे सगळे आकडे अनंत रुंद पॅडचे आहेत. चौरस पॅडवर उताराचा भार निम्म्याहूनही कमी उरतो, त्यामुळे हे आकडे बेअरिंगच्या कॅटलॉगशी ताडण्याआधी ही कपात करायलाच हवी. पायरीच्या पॅडला मात्र खोल भागाच्या दोन्ही बाजूंना न कोरलेली पट्टी ठेवता येते, आणि गळती बरीच आवरता येते. माझ्या मते पायरीची खरी जमेची बाजू ही आहे, ते २९ टक्के नव्हेत.

म्हणून, भार आणि वेग ठरलेले असतील, थर नीट जाड राहणार असेल आणि बाजूला पट्टी ठेवायची तयारी असेल, तर पायरी घ्या. खोली मात्र चालू थरावरून काढा, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने नको. भार अधूनमधून बराच वाढणार असेल, तर उतार बरा. आणि भार खूपच बदलता असेल, तर किंग्सबरी आणि मिशेलचा टेकूवर डोलणारा पॅड घ्यावा: त्यात दाबाचं केंद्र टेकूवरच यावं लागतं, म्हणून थर कितीही पातळ झाला तरी K तोच राहतो. यंत्र उलट्या दिशेनेही फिरणार असेल, तर स्थिर उतार आणि एकतर्फी पायरी दोन्ही बाद. त्या दिशेला थर पसरत जातो आणि दाब उभाच राहत नाही.