लॉन्ड्रीचा दर: किलोवर लावावा की नगावर?

माझा भाचा हिंजवडीच्या बाजूला लॉन्ड्री काढतोय. त्याचा पहिला प्रश्न मशीनचा नव्हता, दरफलकाचा होता. शेजारच्या दुकानात 'किलोप्रमाणे' अशी पाटी आहे, आणि मी मात्र कोथरूडला वर्षानुवर्षं नगावर पैसे घेत आलो. मग बरोबर कोण?

त्याला मी दोन पिशव्यांचा हिशोब मांडून दाखवला. दोन्ही चार किलोच्या. पहिली नोकरी करणाऱ्या मुलाची: दोन जीन्स, पाच शर्ट, तीन टीशर्ट, एक टॉवेल, एक सिंगल चादर. बारा नग. दुसरी घरात लहान मूल असलेल्या बाईंची: झबली, चड्ड्या, छोटे फ्रॉक, मिळून पन्नासच्या आसपास नग. धुलाई-इस्त्री शंभर रुपये किलो धरली, तर दोघांचं बिल चारशेच. मशीनलाही फरक पडत नाही, पाणी-साबण सारखाच. पण पहिल्या पिशवीची इस्त्री अर्ध्या तासात उरकते. दुसरीला सव्वा तास लागतो, वर घड्या आणि जोड्या लावणं वेगळंच.

आता तेच कपडे नगाला तीस रुपयांनी लावा. पहिल्याचे तीनशे साठ, म्हणजे ठीक. बाईंचे पंधराशे! त्या परत येणारच नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. वीतभर झबल्याला शर्टाचा दर कोण देईल?

म्हणजे वजनाने मशीनचं काम मोजलं जातं आणि नगाने हाताचं. भाच्याला मी सांगितलं, धुलाई किलोवर ठेव आणि इस्त्री नगावर. धुऊन घडी साठ रुपये किलो, इस्त्री नगाला दहा. पहिल्या मुलाने पाच शर्ट आणि दोन जीन्सला इस्त्री सांगितली, तर दोनशे चाळीस अधिक सत्तर, तीनशे दहा. बाई म्हणतील, "झबल्यांना इस्त्री कशाला? नुसत्या घड्या करा." त्यांचं काम दोनशे चाळीसमध्ये होतं. पन्नास घड्यांत आपल्याला थोडं कमी सुटतं, ते मी सोडून देतो. आजूबाजूला हॉस्टेलं असतील तर निव्वळ किलोनेही भागतं, कारण त्या पोरांना इस्त्रीशी देणंघेणं नसतं. ऑफिसचे शर्ट आणि साड्याच जास्त येत असतील, तर नगच बरा.

किलोचं दुकान चालवायचं तर वजन गिऱ्हाइकासमोर आणि कोरड्या कपड्यांचंच करायचं. पावसाळ्यात ओला टॉवेल पिशवीत आला की वजन फुगतं, तो बाजूला काढून सांगायचा. चार किलो दोनशे ग्रॅमचे पाच किलो लावू नकोस, लोक घरी काट्यावर मोजून बघतात. काट्यावर वैधमापनचा शिक्का हवा. आणि दर किलोवर असला तरी पावतीवर नगांची संख्या लिहायचीच. एक मोजा हरवला, तर वजनावरून काही सिद्ध होत नाही.

नाजूक कपड्यांत किलोचा दर पार कोलमडतो. टिकल्यांची जॉर्जेटची ओढणी जेमतेम दोनशे ग्रॅम भरते, म्हणजे बारा रुपये. ती जाळीच्या पिशवीतही मशीनला घालायची माझी हिंमत होत नाही. गार पाण्यात हाताने खळबळायची, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत वाळवायची. त्यामुळे पिशवी काउंटरवरच उघडायची आणि रेशीम, जरी, लोकर, टिकलीकाम गिऱ्हाइकासमोर वेगळं काढून नगाचा दर तिथेच सांगायचा. काठाचं जरीकाम सुटलेलं असेल, तर तेही पावतीवर लिहायचं. कपडे धुऊन झाल्यावर जादा पैसे मागितले, तर भांडण ठरलेलं.

रजईची गोष्ट तिसरीच. फायबरची डबल रजई दोन किलो भरते, किलोने एकशे वीस रुपये. पण आठ किलोचा ड्रम ती एकटीच अडवते. त्याच फेरीत सहा किलो कपडे निघाले असते, त्यांचे तीनशे साठ झाले असते. म्हणून तिला फेरीचा दर लावायचा, मी तीनशे घेतो. रजई घातल्यावर ड्रममध्ये वरती हात आडवा जाण्याइतकी जागा उरली नाही, तर ती घ्यायचीच नाही. कोंबलेल्या रजईत पाणी आतपर्यंत पोचत नाही, साबण अडकतो आणि दोन दिवसांनी कुबट वास येतो. असला माल मोठ्या मशीनवाल्याकडे पाठवावा. सोलापुरी चादर मात्र दाट विणीची. तिचं वजन आणि तिने घेतलेली जागा जुळते, म्हणून ती किलोतच बसते. तिच्यावर 'मोठा नग' म्हणून जादा लावणारे दुकानदार मी पाहिलेत. ते मला पटत नाही.

भाच्याने फलक रंगवायला दिलाय. 'रजई: एक फेरी' हे शब्द लोकांना कळणार नाहीत, असं पेंटर म्हणाला. मग आम्ही 'रजई सिंगल / डबल' लिहून पुढे सरळ रुपये टाकले.